1 म्हणजे येणार, 2 म्हणजे वेळ बदला: बुकिंगच्या मेसेजमधले आकडे नीट कसे लिहायचे

वेळ देऊन काम चालतं अशा कुठल्याही ठिकाणी आदल्या दिवशी आठवणीचा मेसेज जातो आणि त्याखाली "1 पाठवा, 2 पाठवा" असं काहीतरी लिहिलेलं असतं. दवाखान्यासाठी अशी व्यवस्था मी उभी केली आहे आणि त्यावर येणारी उत्तरं रोज वाचतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याला वाटतं की यात अवघड काय, दोन ओळी तर लिहायच्या. खरी गुंतागुंत 2 या आकड्यात असते. 1 पाठवला तर काय होणार हे सगळ्यांना कळतं. 2 पाठवला तर हातातली वेळ लगेच जाणार की नवी मिळेपर्यंत राहणार, हे बहुतेक मेसेज सांगतच नाहीत. मग माणूस उत्तर द्यायचं टाळतो किंवा सरळ फोन लावतो, आणि मेसेज पाठवून आपलं काम काही कमी होत नाही.

खालच्या पायऱ्या साध्या एसएमएससाठी आहेत. बटणं असलेल्या चॅट अ‍ॅपमध्ये काही अडचणी आपोआप टळतात, पण शब्दांचा भाग तिथेही तसाच लागू होतो.

सुरू करण्याआधी हे जवळ ठेवा

- उत्तर स्वीकारू शकणारा नंबर (याबद्दल पहिल्या पायरीत)
- मेसेजचा मसुदा आणि त्यातले अक्षरांश, म्हणजे अक्षरं आणि काना-मात्रा वेगवेगळे, मोजण्याची सोय. एसएमएस पाठवणाऱ्या बहुतेक सेवांच्या पॅनेलवर ती असते
- वेळांची अशी नोंदवही किंवा सॉफ्टवेअर, ज्यात एखादी वेळ तात्पुरती राखून ठेवता येते
- चौकटीत न बसणारी उत्तरं वाचणारा एक माणूस. याला पर्याय नाही.

## 1. उत्तर परत येतं का, ते आधी पाहा

नंबराऐवजी अक्षरी नावाने आलेला मेसेज तुम्ही पाहिला असेल. तशा नावाला उत्तर पाठवता येत नाही, तो रस्ता एकेरी असतो. तरीही अशाच नावावरून "1 पाठवा" सांगणारे मेसेज सुटतात. लोक 1 लिहितात, फोन "मेसेज गेला नाही" असं दाखवतो, आणि आपल्याकडे मात्र कोणीच उत्तर देत नाही असं वाटत राहतं. म्हणून सेवा घेतानाच दुतर्फा नंबर मागा आणि मजकुराला हात लावण्याआधी स्वतःच्या फोनवरून एक उत्तर पाठवून ते पॅनेलवर उमटतं का ते बघा.

## 2. प्रत्येक आकड्यामागे काय घडणार, ते कागदावर लिहा

शब्द नंतर. आधी हे ठरवा:

1 आला तर वेळ पक्की. एवढंच.

2 आला तर जुनी वेळ सोडायची की ठेवायची? माझं मत स्पष्ट आहे: नवी वेळ ठरेपर्यंत जुनी सोडायची नाही. लगेच सोडली तर ती दुसऱ्या कोणालातरी जाते, पहिल्या माणसाला सोयीची नवी वेळ मिळत नाही, आणि तो "मग आहे तीच राहू द्या" म्हणतो तेव्हा द्यायला काही उरलेलं नसतं. अदलाबदल करतानाही क्रम हाच ठेवा. नवी वेळ त्याच्या नावावर लागली की मगच जुनी मोकळी करा.

3 हा रद्दसाठी ठेवा. आकडे कमी असावेत म्हणून काही जण तो गाळतात. मग ज्याला यायचंच नाही तो 2 पाठवतो आणि आपण त्याला नव्या वेळा सुचवत बसतो.

उत्तरच आलं नाही तर? याचाही निर्णय आत्ताच घ्या. गप्प राहिलेल्याची वेळ तशीच ठेवणार असाल तर मेसेजमध्ये काही लिहायची गरज नाही, लोक तसंच धरून चालतात. पण उत्तर न दिल्यास वेळ सुटणार असेल, तर ते मेसेजमध्ये लिहिलंच पाहिजे, तेही ठळक अशा पहिल्या दोन ओळींत.

## 3. आता शब्द

वाईट मेसेज कसा असतो ते आधी पाहू. हा बनवलेला नमुना आहे, पण असे बरेच फिरत असतात:

```
आपली अपॉइंटमेंट उद्या 2 वाजता आहे.
पुष्टीकरणासाठी 1 दाबा, पुनर्नियोजनासाठी 2 दाबा.
```

यात चार गोष्टी चुकल्या आहेत.

पहिली, "उद्या". मेसेज संध्याकाळी निघाला आणि फोन बंद असल्यामुळे सकाळी पोचला, तर "उद्या" एक दिवस पुढे सरकतो. "परवा" तर त्याहून वाईट, कारण आपल्याकडे तो मागचाही असतो आणि पुढचाही. वार आणि तारीख दोन्ही लिहा. एकात चूक झाली तर दुसऱ्यामुळे लक्षात येते.

दुसरी, "दाबा". हा फोनवरच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजाचा शब्द आहे. मेसेज वाचणारा खरोखर 1 दाबतो, तो खोक्यात उमटतो आणि तिथेच राहतो. "पाठवा" म्हटलं की पाठवायचं असतं हे कळतं.

तिसरी, "पुष्टीकरण" आणि "पुनर्नियोजन". अर्थ चुकीचा नाही, पण काउंटरवर समोरासमोर असं कोणी बोलत नाही. "येणार", "वेळ बदला", "रद्द" हे शब्द वाचायला थांबावं लागत नाही. "वेळ पुढे ढकला" असंही लिहू नका. काहींना वेळ अलीकडची हवी असते, ते मग 2 पाठवतच नाहीत.

चौथी सहज दिसत नाही. वेळ 2 वाजता आणि बदलाचा आकडाही 2. "हो, 2 ला येतो" अशा अर्थाने माणूस नुसता 2 पाठवतो, आणि आपली यंत्रणा त्याला नव्या वेळा दाखवते. म्हणून वेळ नेहमी 2:00 अशी लिहा, आधी "दुपारी" जोडा, आणि आकड्यांचे पर्याय वेगळ्या ओळींत टाका. एवढं करूनही काही जण गोंधळतातच. तेव्हा जुनी वेळ राखून ठेवण्याचा दुसऱ्या पायरीतला निर्णय कामी येतो, कारण चुकून आलेल्या 2 ने कोणाचं काही बिघडत नाही.

आता सुधारलेला मेसेज:

```
दातांचा दवाखाना: गुरुवार 12 मार्च, दुपारी 2:00
1 = येणार
2 = वेळ बदला (नवी ठरेपर्यंत हीच राहील)
3 = रद्द
बुधवारपर्यंत फक्त आकडा पाठवा
```

कोणाकडून आणि कधी, हे पहिल्या ओळीत आहे, कारण कुलूप लावलेल्या फोनच्या पडद्यावर साधारण तेवढंच दिसतं. त्याच कारणाने तिथे आजाराचं किंवा उपचाराचं नाव घालू नका, फोन टेबलावर पडलेला असतो आणि शेजारचाही वाचतो. कंसातल्या चार शब्दांत 2 चं सगळं भय जातं. "बुधवारपर्यंत" म्हटलं की लोक बुधवारची रात्र धरतात, तेव्हा यंत्रणेतही मुदत बुधवारी रात्री 12 हीच ठेवा. तुमचं काउंटर संध्याकाळी बंद होत असेल आणि तुम्हाला दुपारीच आकडे हवे असतील, तर तास लिहा.

## 4. लांबी मोजा, आणि सगळ्यात लांब तारखेने मोजा

देवनागरी मेसेज युनिकोडमध्ये जातो. इंग्रजी अक्षरांच्या साध्या एसएमएसमध्ये 160 अक्षरं मावतात, युनिकोडमध्ये 70. मेसेज त्याहून मोठा झाला की त्याचे भाग पडतात, आणि भाग पुन्हा जोडण्याची माहिती प्रत्येक भागात थोडी जागा खाते, म्हणून मग भागामागे 67 उरतात. दोन भागांत 134. प्रत्येक भागाचे पैसे वेगळे लागतात.

मोजताना काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे स्वतंत्र धरले जातात. "मार्च" आपल्याला दोन अक्षरांचा वाटतो, पण म, काना, र, हलन्त, च असे पाच अक्षरांश होतात. ओळ मोडली की तोही एक.

वरचा मेसेज 133 भरतो. अगदी काठावर. आता तोच मेसेज "शुक्रवार 25 सप्टेंबर, संध्याकाळी 5:30" साठी पाठवा, मुदत "गुरुवारपर्यंत". मजकुरात काही वाढवलं नाही, तरी आकडा 142 होतो आणि तिसरा भाग सुरू होतो. महिनाभर सगळं ठीक चालतं आणि मग बिल अचानक का वाढलं ते कोणाला कळत नाही, त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं. म्हणून चाचणीसाठी मार्च नव्हे, सप्टेंबर घ्या, आणि सकाळ नव्हे, संध्याकाळ.

काय कापायचं? पहिल्या ओळीतलं "दातांचा" काढलं तर बरोबर 134 होतात. पण समोरच्याचे दोन-तीन दवाखाने सुरू असतील तर नुसता "दवाखाना" कुठला? त्यापेक्षा तिसरा भाग जाऊ द्या. तारीख 25/9 अशी आखडून लिहिली तरी जागा वाचते, मात्र 5/9 सारख्या तारखेत दिवस कुठला आणि महिना कुठला हे प्रत्येक जण आपापल्या सवयीने वाचतो. आणि कंसातलं वाक्य काढायचा मोह झाला तर सरळ सांगतो, नका काढू.

## 5. काय आलं म्हणजे 1 आला असं धरायचं

"फक्त आकडा पाठवा" लिहूनही लोक फक्त आकडा पाठवत नाहीत. येतात ती उत्तरं अशी: `1`, `१`, `1.`, `"1"`, `एक`, `हो`, `ok`, `1 पण 10 मिनिटं उशीर होईल`, `1 नाही जमणार, 4 ला चालेल का`.

शेवटची दोन नीट वाचा. उत्तरात कुठेही 1 सापडला की पक्कं, असा नियम लावला तर दोन्ही "येणार" ठरतात, आणि शेवटचा माणूस तर नाही म्हणतोय. नियम उलटा ठेवा: पूर्ण उत्तर म्हणजे एकच आकडा असेल तरच ते यंत्राने वाचायचं. आजूबाजूची मोकळी जागा, टिंब, अवतरणचिन्हं तेवढी दुर्लक्षित करायची. सॉफ्टवेअर करून देणाऱ्याला हा नमुना द्या:

```
^[\s."'=)]*([123१२३])[\s."'=)]*$
```

यात देवनागरी आकडे मुद्दाम आहेत. मराठी कळफलक लावलेल्या फोनवरून `१` येतो, तो संगणकासाठी `1` पेक्षा अगदी वेगळा असतो, आणि नमुन्यात नसेल तर "चुकीचं उत्तर" म्हणून परत जातो. आपल्या मेसेजमध्ये मात्र 1, 2, 3 असेच लिहा. लहान पडद्यावर १ आणि ९ पटकन ओळखू येत नाहीत. चौकटीतला रंगीत आकडाही कोणी पाठवतो. त्यात आकड्यामागे दोन जादा चिन्हं असतात, ती आधी काढून टाकायला सांगा.

"एक" आणि "हो" यांना 1 धरायला हरकत नाही. "ok" ला धरू नका. "ok" म्हणजे "वाचलं" असंही असतं, आणि "ठीक आहे"चं तसंच. अशा उत्तराला एकदाच विचारा: "येणार असाल तर 1 पाठवा, वेळ बदलायची असेल तर 2." दुसऱ्यांदाही आकडा आला नाही तर यंत्राने गप्प बसावं आणि मेसेज माणसापुढे जावा. एकदाच, असं का म्हणतो? समोर "मी गाडी चालवतोय, नंतर बोलतो" असं आपोआप उत्तर देणारा फोन असेल, तर दोन यंत्रं रात्रभर एकमेकांना उत्तरं देत बसतात, आणि पैसे आपले जातात.

इंग्रजी शब्दांबाबत एक सापळा आहे. `STOP` हा शब्द मेसेज बंद करण्यासाठी राखीव असतो, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. काही सेवांमध्ये `CANCEL` आणि `END` हेही तसेच राखीव असतात. रद्द करण्यासाठी `CANCEL` पाठवा असं तुम्ही लिहिलंत, तर वेळ रद्द होत नाहीच, उलट तो नंबर तुमच्या यादीतून बाहेर पडतो आणि पुढची एकही आठवण त्याला जात नाही. आपल्या सेवेची राखीव शब्दांची यादी मागून घ्या. रद्दसाठी 3 हा आकडा बरा, त्याचं हेही एक कारण.

## 6. 2 आल्यावरचा दुसरा मेसेज

इथे बहुतेक जण पुन्हा 1, 2, 3 वापरतात. त्याने काय होतं ते एका उदाहरणात पाहू. कोणीतरी सकाळी 9:10 ला 2 पाठवला. नेटवर्क मंद, आपला मेसेज यायला उशीर लागला. त्याला वाटलं गेलाच नाही, म्हणून 9:12 ला त्याने परत 2 पाठवला. तोवर आपली यंत्रणा वेळांची यादी पाठवून मोकळी झाली होती. दुसरा 2 आला आणि यंत्रणेने तो "यादीतली दुसरी वेळ" म्हणून वाचला. त्या माणसाने यादी उघडून पाहिलीही नव्हती, आणि सोमवारची वेळ त्याच्या नावावर लागली. नोंदीत सगळं बरोबर दिसतं, म्हणून दोष सापडत नाही.

उपाय सोपा आहे, दुसऱ्या यादीला वेगळे आकडे द्या:

```
गुरुवार 12 मार्च, दुपारी 2:00 ही वेळ अजून तुमचीच आहे. नवी निवडा:
21 = शुक्रवार 13 मार्च, सकाळी 10:30
22 = सोमवार 16 मार्च, दुपारी 4:00
23 = मंगळवार 17 मार्च, सकाळी 11:00
24 = यातली नको, फोन करा
आज संध्याकाळी 6 पर्यंत आकडा पाठवा
```

आता उशिरा आलेल्या दुसऱ्या 2 चा अर्थ एकच राहतो. त्यावर तीच यादी परत पाठवा किंवा काहीच करू नका. 1 आला तर त्याने विचार बदलला, जुनी वेळ पक्की करा. नमुन्यात 21 ते 24 घालायला विसरू नका, आणि `२२` हेही.

वेळा तीनच द्या. पाच-सहा दिल्या की मेसेज लांबतो आणि लोक निवडण्याऐवजी फोन करतात. तुम्ही सुचवलेल्या तिन्ही वेळा लिहिलेल्या मुदतीपर्यंत त्याच माणसासाठी राखून ठेवा. ते जमत नसेल तर निदान "आधी उत्तर देणाऱ्याला" असं लिहा. 24 ची ओळ जागा खाते, पण तिच्याशिवाय माणूस अडकतो. ज्याला यातलं काहीच नको तो मग 3 पाठवून मोकळा होतो.

## 7. प्रत्येक आकड्याला पोच द्या

पोच न देण्यातली बचत खोटी असते, कारण न मिळाल्यावर लोक परत पाठवतात किंवा फोन करतात. पोचेत तारीख आणि वेळ पुन्हा पूर्ण लिहा:

```
नोंद झाली: सोमवार 16 मार्च, दुपारी 4:00. गुरुवारची वेळ आता सोडली आहे.
```

हे दुसरं वाक्य गाळू नका, नाहीतर कोणी दोन्ही दिवशी येतो. मुदतीनंतर आलेल्या आकड्यालाही पोच हवी: "वेळ बदलण्याची मुदत संपली आहे, कृपया फोन करा." आणि त्याखाली नंबर.

सेवेकडून एकच उत्तर कधीकधी दोनदा पोचतं. प्रत्येक आलेल्या मेसेजला ओळखक्रमांक असतो. तोच क्रमांक पुन्हा दिसला तर दुसऱ्यांदा काही करायचं नाही, हे सॉफ्टवेअर करणाऱ्याला सांगून ठेवा.

## 8. एका फोनवर दोन वेळा असतील तर

एसएमएसच्या उत्तरात फक्त मजकूर आणि नंबर असतो. ते कुठल्या मेसेजला दिलेलं उत्तर आहे, हे त्यात नसतं. आई आणि मुलगा, दोघांची वेळ एकाच फोनवर नोंदवलेली असेल आणि दोन मेसेज पाठोपाठ गेले, तर आलेला 2 कोणाचा ते कळायला मार्ग नाही. "शेवटच्या मेसेजचा" असं धरणं म्हणजे अंदाज झाला.

म्हणून एका नंबराला एका वेळी एकच प्रश्न. दोन वेळा वेगळ्या दिवशी असतील तर पहिल्याचं उत्तर आल्यावर किंवा त्याची मुदत संपल्यावर दुसरा मेसेज सोडा. एकाच दिवशी असतील तर दोन्ही एका मेसेजमध्ये घ्या आणि बदलाचं काम माणसाकडे द्या:

```
दातांचा दवाखाना: गुरुवार 12 मार्च, दुपारी 2:00 आणि 2:30
1 = दोन्ही वेळा येणार
2 = बदल हवा, आम्ही फोन करू (तोवर दोन्ही राहतील)
3 = दोन्ही रद्द
बुधवारपर्यंत फक्त आकडा पाठवा
```

## 9. सोडण्याआधी आणि पहिल्या आठवड्यात

स्वतःच्या फोनवर हे सगळं पाठवून पाहा: 1, `१`, 2 दोनदा, 1 नंतर 2, 2 नंतर 1, मुदतीनंतरचा 1, आणि "1 नाही जमणार". मग ज्याने हा मेसेज कधी पाहिलेला नाही अशा एखाद्याला तो दाखवा आणि फक्त एकच विचारा, "2 पाठवला तर आत्ताची वेळ जाईल का?" तो अडखळला तर मजकूर अजून तयार नाही.

पहिल्या आठवड्यात नमुन्यात न बसलेली उत्तरं रोज संध्याकाळी वाचा. एकाच प्रकारचं उत्तर वारंवार दिसलं तर दोष बहुधा मेसेजच्या शब्दांत असतो. मात्र बदल करताना आकड्यांचे अर्थ कधीही अदलाबदल करू नका. 2 आज "वेळ बदला" असेल आणि पुढच्या महिन्यात "रद्द" झाला, तर जुन्या सवयीने 2 पाठवणाऱ्या नेहमीच्या माणसाची वेळ उडते. नवीन काही जोडायचं असेल तर 4 घ्या.